एक रुपया बुडाला नाही, तरी पेन्शन ट्रस्टची तूट 4 वरून 10 कोटी कशी झाली?

गणपतीपेठ_विश्वस्त
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या कर्मचारी पेन्शन ट्रस्टवर यंदा विश्वस्त म्हणून आलो आहे. पेन्शन ठरावीक सूत्राने मिळणारी आहे, म्हणजे पैसे कमी पडले तर बँकेने भरायचे.

पेन्शनच्या देण्याचा हिशेब करणाऱ्या ॲक्च्युअरीचा अहवाल आला. मागच्या मार्चला देणं 90 कोटी, आपल्याकडची गुंतवणूक 86 कोटी, तूट 4 कोटी. या मार्चला देणं 100, गुंतवणूक 90, तूट 10 कोटी. गुंतवणुकीवर वर्षभरात 6.2 कोटी मिळाले, म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आसपास. एकही ठेव अडकली नाही, एकही बाँड बुडाला नाही. 55 कोटी मुदत ठेवीत, 26 कोटी पाच-सहा वर्षांच्या बाँडमध्ये, 9 कोटी इंडेक्स फंडात.

बैठकीत एक सदस्य म्हणाले, इक्विटी काढून टाका, जोखीम कमी होईल. इक्विटी तर वर्षभर जागची हलली नाही. मग ही तूट आली कुठून?

काका_विश्रामबाग
गुंतवणुकीत चूक नाही. मुदत ठेवीइतकं सुरक्षित काही नाही, त्यात भाव पडायची भानगडच नाही. ॲक्च्युअरी लोक दरवर्षी आकडे बदलतात. पगारवाढ जास्त धरली असेल, नाहीतर आयुर्मान वाढवलं असेल. त्यांना विचारा. आणि इक्विटी काढाच, पेन्शनच्या पैशाला जुगार कशाला?

हरिपूरची_स्मिता
काका, विचारायला हवं हे बरोबर. पण अहवालात वर्षभराचा ताळमेळ दिलेला असतो, तो आधी बघू. दादा, देण्याची हालचाल टाकता का? सुरुवातीचं देणं, व्याज, चालू सेवेचा खर्च, दिलेली पेन्शन, आणि ॲक्च्युअरिअल तोटा. तोट्याचे उपभागही असतात, एक गृहीतकं बदलल्यामुळे आणि दुसरा अनुभवामुळे. दोन्ही वर्षांचा डिस्काउंट रेट, म्हणजे पुढची पेन्शन आजच्या किमतीत मोजायला धरलेला दर, तोही लिहा.

गणपतीपेठ_विश्वस्त
ताई, हे घ्या. सुरुवातीचं देणं 90. व्याज 6.4. चालू सेवा 2. पेन्शन दिली 5. ॲक्च्युअरिअल तोटा 6.6, तो सगळा "आर्थिक गृहीतकातील बदल" या ओळीत, अनुभवाच्या ओळीत जवळपास शून्य. डिस्काउंट रेट मागच्या वर्षी 7.2, यंदा 6.7. पगारवाढ आणि मृत्युदर तेच आहेत.
गुंतवणूक: 86 अधिक 6.2, अधिक बँकेचं अंशदान 2.8, वजा पेन्शन 5, म्हणून 90. त्या 6.2 मध्ये व्याज, लाभांश आणि बाजारभावातला फरक सगळं आलं.

हरिपूरची_स्मिता
म्हणजे उत्तर तुमच्याच कागदावर आहे. दर बदलला नसता तर देणं 93.4 झालं असतं आणि तूट 3.4, म्हणजे मागच्या वर्षापेक्षा थोडी कमीच. बाकीचे 6.6 कोटी निव्वळ त्या अर्ध्या टक्क्याचे आहेत. हा दर ॲक्च्युअरीच्या मर्जीचा नसतो. आपल्याकडच्या लेखा मानकांप्रमाणे तो ताळेबंदाच्या तारखेला सरकारी रोख्यांवर मिळणाऱ्या परताव्यावरून घ्यावा लागतो. मार्च 2014 मध्ये दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा 8.8 च्या आसपास होता, मार्च 2020 मध्ये 6.1 च्या आसपास. सहा वर्षांत पावणेतीन टक्के. तेवढ्या काळात तुमच्यासारख्या ट्रस्टच्या देण्याचं काय झालं असेल, बघा.

हरिपूरच्या पेवांवरून सांगते. (2005 च्या पुरानंतर बरीच पेवं गेली, पण ती काय असतात हे सांगलीकरांना सांगायला नको; बाकीच्यांसाठी, हळद साठवायची जमिनीतली कोठारं.) एका व्यापाऱ्याने पुढच्या वर्षी शंभर पोती हळद द्यायचा सौदा करून ठेवला. पेवात पोतं एकही नाही, पैसे बँकेत मुदत ठेवीत. पासबुकात रुपयाही हलत नाही. पण हळद वाढली की त्याची झोप उडते. त्याला पासबुकाची काळजी नसते, देणं आणि हातातला माल यांच्यातल्या फरकाची असते. तुमचा ट्रस्ट लांबची पेन्शन "विकून" बसला आहे आणि पेवात लांबचा बाँड नाही. दर उतरणं म्हणजे तुमच्यासाठी हळद महागणं.

कराड_एक्सप्रेस
मला पण हाच प्रश्न आहे. माझी ईपीएस-95 ची पेन्शन खूपच कमी येते, व्याजदर वाढले तर ती वाढेल का? आणि तूट असेल तर आमची पेन्शन बंद होणार का?

काका_विश्रामबाग
अहो, ईपीएस वेगळं. तिथे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवा भागिले 70, असं सूत्र आहे. व्याजदराशी तुमच्या पेन्शनचा थेट संबंध नाही. इथे बँकेच्या स्वतःच्या ट्रस्टचं चाललंय. वेगळा धागा काढा.

स्मिताताई, ताळमेळ पटला. पण हा कागदी तोटा आहे. ठेवी मुदतीपर्यंत धरल्या की पैसे पूर्ण मिळतात. मग देणं कागदावर 100 काय नि 93 काय? पेन्शनरला जायचे ते रुपये तेवढेच.

हरिपूरची_स्मिता
काका, पेन्शनरला जायचे ते रुपये तेवढेच, हे शंभर टक्के खरं. म्हणूनच तर अडचण. देणं ठरलेलं आहे, तुमचं व्याज ठरलेलं नाही.

एकच हप्ता घ्या. 14 वर्षांनी 1 कोटी द्यायचे आहेत. 7.2 टक्के सगळी 14 वर्षं मिळणार असतील तर आज 37.8 लाख बाजूला ठेवले की झालं. पण तुम्ही ते एक वर्षाच्या ठेवीत टाकले, म्हणजे 13 वेळा नूतनीकरण. पहिलं वर्ष संपायच्या आत दर 6.2 वर आला आणि तिथेच राहिला, तर 37.8 लाखांचे 14 वर्षांनी साधारण 88.5 लाख होतील. 11.5 लाख कमी. प्रत्येक ठेव मुदतीला पूर्ण परत आली, कुणी बुडवलं नाही, तरी 11.5 लाख कमी. 6.2 टक्क्यांनी पूर्ण कोटी हवा तर आज 43.1 लाख लागतात. 37.8 चे 43.1 म्हणजे 14 टक्के वाढ, आणि ॲक्च्युअरीच्या अहवालात दिसते ती हीच वाढ. ते 11.5 लाख 14 वर्षांनी कळण्याऐवजी आजच कळतात, एवढाच काय तो "कागदीपणा".

ठेवीचा भाव हलत नाही म्हणता, ते फक्त ठेवीपुरतं. ठेव मुदतीला आली की पुढचा दर काय, हा प्रश्न दरवर्षी नव्याने येतो.

ऊसवाला_वाळवा
आमच्याकडे साखर कारखान्याचा ग्रॅच्युइटी ट्रस्ट आहे. देणं 40 कोटी. तिथे दर अर्धा टक्का उतरला तेव्हा देणं जेमतेम दीड कोटीने वाढलं. यांचं 93 वर 6.6 कसं वाढलं मग? काहीतरी गडबड वाटते राव.

हरिपूरची_स्मिता
गडबड नाही दादा. 40 वर दीड म्हणजे पावणेचार टक्के. अर्ध्या टक्क्याला पावणेचार, म्हणजे तुमच्या देण्याचं ड्युरेशन, दर एक टक्का हलला की किती टक्के फरक पडतो ते माप, साडेसातच्या आसपास. ग्रॅच्युइटी निवृत्तीच्या दिवशी एकरकमी जाते आणि विषय संपतो. पेन्शन तिथून सुरू होते, माणूस आणि त्यामागे जोडीदार असेपर्यंत चालते. म्हणून यांचं ड्युरेशन 14. शिवाय वाळव्याच्या ट्रस्टचे पैसे दहा-अकरा वर्षांच्या बाँडमध्ये असतील तर तुम्हाला हा झटका जाणवणारही नाही. यांची गुंतवणूक तुमच्या देण्यालाही पुरली नसती इतकी आखूड आहे.

गणपतीपेठ, तुमच्या अहवालात शेवटी संवेदनशीलतेचा तक्ता असेल. डिस्काउंट रेट एक टक्का वर आणि एक टक्का खाली गेल्यावर देणं किती, ते द्या.

गणपतीपेठ_विश्वस्त
एक टक्का वर: 87.4 कोटी. एक टक्का खाली: 115.4 कोटी.

हरिपूरची_स्मिता
छान. एक्सेलमध्ये B1 मध्ये 100, B2 मध्ये 87.4, B3 मध्ये 115.4 टाका:

```
=(B3-B2)/(2*B1*0.01)
```

14 येतील. बघा, दर उतरला तर देणं 15.4 ने वाढतं, चढला तर 12.6 नेच कमी होतं. दोन्हीकडचं माप सारखं नाही, आणि ते तुमच्या विरोधात आहे.

आता गुंतवणुकीचं ड्युरेशन. 55 कोटींच्या ठेवी सरासरी एक वर्ष, 26 कोटींचे बाँड साधारण 5, इक्विटीला मी शून्य धरते. 55 अधिक 130, म्हणजे 185, भागिले 90. दोन धरा.

एकीकडे 100 कोटी गुणिले 14, दुसरीकडे 90 कोटी गुणिले 2. 1400 विरुद्ध 180. दर एक टक्का उतरला तर देणं 115.4 आणि गुंतवणूक 91.8. फंडेड रेशो, म्हणजे देण्याच्या किती टक्के गुंतवणूक हातात आहे तो आकडा, 90 वरून साडेएकोणऐंशीवर, तूट 23.6 कोटी. आता ज्या इक्विटीची बैठकीत भीती होती ती बघा. 9 कोटी इंडेक्स फंड 30 टक्के कोसळला, तर 2.7 कोटी गेले. रेशो 87.3, तूट 12.7. व्याजदर एक टक्का उतरला की तूट 13.6 ने वाढते, शेअर बाजार 30 टक्के कोसळला की 2.7 ने. बैठकीत चर्चा कशावर झाली आणि जोखीम कुठे आहे, हे यावरून दिसेल.

वाईकर_सीए
एक सावधगिरी. 90 कोटी हा आकडा कुठून आलाय ते तपासा. ट्रस्टच्या पुस्तकात बाँड खरेदी किमतीला असतात. मानकाप्रमाणे ॲक्च्युअरीच्या अहवालात गुंतवणूक वाजवी मूल्याला हवी. बऱ्याच छोट्या ट्रस्टमध्ये कारकून ट्रायल बॅलन्सच पाठवून देतो. मग देणं बाजाराच्या दराने आणि गुंतवणूक दहा वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीला, असा रेशो येतो. त्याला काही अर्थ नाही.
ओळखायची खूण सोपी आहे: दर घसरलेल्या वर्षीही बाँडच्या ओळीत बाजारभावाचा नफा शून्य दिसला, तर समजा पुस्तकी किंमत लावली आहे. सध्या यांच्याकडे बाँड आखूड असल्याने फरक थोडाच पडेल. उद्या लांबचे बाँड घेतले आणि पुस्तकी किमतीलाच दाखवत राहिले, तर जुळवाजुळव केल्याचा फायदा अहवालात दिसणारच नाही, आणि पुढचे विश्वस्त म्हणतील काही उपयोग झाला नाही, विका.

गणपतीपेठ_विश्वस्त
तपासलं. बाँड बाजारभावाने आहेत, ठेवी जमा व्याजासह. ठीक आहे ना?

वाईकर_सीए
ठीक.

काका_विश्रामबाग
बरं, मानलं. पण लांबचे बाँड घ्या म्हणणारे एक विसरतात. दर वाढले की तीस-चाळीस वर्षांचा बाँड कसा आपटतो ते बँकेत असताना पाहिलंय. आज 90 पैकी समजा 72 कोटी लांबच्या बाँडमध्ये टाकले आणि दर एक टक्का वाढला तर आठ-नऊ कोटी एका फटक्यात. विश्वस्तांना सभासद जाब विचारतील. तेव्हा रेशो-बिशो कोणी ऐकत नाही.

मिरज_जंक्शन
काका, बाँडचा भाव आपटतो हे अगदी बरोबर. पण त्याच दिवशी देणं त्याहून जास्त उतरतं, साडेबारा कोटींनी. सभासदांपुढे दोन्ही आकडे एकाच पानावर ठेवले तर जाब विचारायची वेळ येणार नाही. फक्त गुंतवणुकीचं पान वाचून दाखवलं तर मात्र येईल.

दोन्ही पर्याय एकाच पट्टीने मोजून बघू. दर वर्षभरात सरासरी 0.8 टक्का वर किंवा खाली हलतो असं मी धरलंय, इक्विटीची अस्थिरता 20 टक्के, दोघांचा आपसात संबंध शून्य. तुम्हाला पटत नसेल तर आकडे बदला, क्रम बदलणार नाही.

आत्ताची रचना: गुंतवणुकीची हालचाल वर्षाला साधारण 2.3 कोटी, म्हणजे 90 वर 2.6 टक्के. कुणीही म्हणेल, किती सुरक्षित! पण तुटीची हालचाल जवळपास 10 कोटी.

दुसरी रचना: 72 कोटी लांबच्या सरकारी रोख्यांत, सरासरी ड्युरेशन 12. 13.5 कोटी इक्विटी, म्हणजे अशा ट्रस्टांना मुभा असलेली 15 टक्क्यांची कमाल मर्यादा. 4.5 कोटी ठेव, म्हणजे जवळपास वर्षभराची पेन्शन. इथे गुंतवणुकीची हालचाल 7.4 कोटी, 8.2 टक्के. आधीच्या तिप्पट. आणि तुटीची हालचाल? 5.1 कोटी. आधीच्या निम्मी. इक्विटी दीडपट करूनसुद्धा.

ऊसवाला_वाळवा
म्हणजे इक्विटी वाढवली तरी जोखीम निम्मी? हे डोक्यात बसायला वेळ लागेल.

मिरज_जंक्शन
जोखमा सरळ बेरजेने जमा होत नाहीत, वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ. दराचा भाग 9.8 असताना इक्विटीचे 1.8 त्यात मिसळून 10 होतात, कळतही नाहीत. दराचा भाग 4.3 वर आणल्यावर इक्विटीचे 2.7 दिसायला लागतात. मोठा डोंगर आधी उतरवा, टेकड्या नंतर बघू.

पण संबंध शून्य हे माझं गृहीतक नेहमी टिकत नाही, हेही सांगून ठेवतो. 2000 ते 2002 या काळात अमेरिका-युरोपात शेअर कोसळले आणि दरही उतरले, दोन्ही एकदम. तिथल्या पेन्शन फंडांना दोन्हीकडून मार बसला. ड्युरेशन आखूड असलेल्या ट्रस्टला मंदीत हीच भीती असते.

वाईकर_सीए
ब्रिटनमध्ये 2022 ला जे झालं ते कुणी बोलत नाही? देण्याशी ड्युरेशन जुळवणारे फंडच तर तिथे अडचणीत आले. 23 सप्टेंबरच्या मिनी-बजेटनंतर लांबच्या रोख्यांचे दर काही दिवसांत एक टक्क्याहून जास्त उसळले आणि 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं.

मिरज_जंक्शन
बोलायलाच हवं. 6,500 कोटी पौंडांपर्यंत खरेदीची तयारी दाखवली होती, प्रत्यक्षात 1,930 कोटी पौंडांचे रोखे घेतले. पण नीट बघा सीएसाहेब. दर वाढल्याने त्या फंडांची देणी उतरली आणि फंडेड रेशो सुधारला. अडचण दिवाळखोरीची नव्हती, रोकडीची होती. त्यांनी रेपो आणि स्वॅप वापरून उधारीवर ड्युरेशन घेतलं होतं. भाव पडल्यावर तारण वाढवा असा फोन आला, आणि तारणासाठी तेच रोखे विकावे लागले, म्हणून भाव आणखी पडले. गणपतीपेठच्या ट्रस्टने स्वतःच्या पैशाने रोखे घेतले तर तारणाचा फोन येणारच नाही.

उधारीने केलं तर मात्र तीच गत. म्हणून मी त्यांना बाँड फॉरवर्ड वगैरे सुचवणार नाही. आपल्याकडे मे 2025 पासून सरकारी रोख्यांचे फॉरवर्ड सुरू झालेत, पण ते विमा कंपन्यांसारख्या मोठ्या लोकांचं काम.

गणपतीपेठ_विश्वस्त
समजत आलं. मग थेट विचारतो: ड्युरेशन किती करायचं? देण्याइतकं, 14? आणि 50 वर्षांचे रोखे आलेत म्हणे, ते घेतले की काम झालं का?

हरिपूरची_स्मिता
इथे दोन वेगळ्या गोष्टी जपता येतात आणि दोन्ही एकदम जपता येत नाहीत. फंडेड रेशो 90 वरच राहावा असं वाटत असेल तर गुंतवणुकीचं ड्युरेशन 14 हवं. दर एक टक्का उतरला, देणं 115.4, गुंतवणूक 103.9, रेशो 90. पण तूट 10 ची साडेअकरा झाली. तूट रुपयांत 10 कोटीच राहावी असं वाटत असेल तर 14 ला 0.9 ने भागा, 15.6 हवं. गुंतवणूक कमी आहे म्हणून तिला जास्त लांब हात पुरवावा लागतो. बँकेला भरायचे ते रुपये भरायचे असतात, रेशो भरायचा नसतो, म्हणून माझा कल दुसऱ्याकडे. सगळे ॲक्च्युअरी हे मानत नाहीत.

मिरज_जंक्शन
आणि व्यवहारात दोन्ही मिळणं कठीण. सात टक्क्यांच्या आसपास दर असताना 10 वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन 7.1, 30 वर्षांच्याचं 12.5, 40 वर्षांच्याचं 13.4, आणि 2023 च्या नोव्हेंबरपासून निघालेल्या 50 वर्षांच्याचं 13.8. मुदत दहा वर्षांनी वाढली आणि ड्युरेशन अर्ध्या वर्षानेही नाही. दर सहामाहीला व्याज हातात येतं, त्यामुळे दूरची मुद्दल फारशी वजन टाकत नाही. व्याजाचे रोखे घेऊन 15.6 गाठताच येत नाही.

त्यासाठी स्ट्रिप्स लागतात, म्हणजे रोख्याची मुद्दल आणि व्याज वेगळे करून विकलेले तुकडे. 20 वर्षांच्या स्ट्रिपचं ड्युरेशन 19.3. आपल्याकडे 2010 पासून सोय आहे, पण बाजार पातळ. विकायची वेळ आली तर भाव ऐकून घ्यावा लागेल.

काका_विश्रामबाग
आता नेमकं करायचं कसं ते सांगा. 55 कोटींच्या ठेवी मोडायच्या का? दंड लागेल.

मिरज_जंक्शन
मोडू नका काका. ठेवी सरासरी वर्षभराच्या आहेत, महिन्याला चार-पाच कोटी आपोआप मोकळे होतील. तसतसे रोखे घ्या, वर्ष-दीड वर्षात काम होतं. ठेवींतले साडेपन्नास आणि जुने बाँड 26, यातले साडेचार इक्विटीत, राहिले 72.

ट्रस्टच्या नावाने बँकेत गिल्ट खातं, म्हणजे सरकारी रोखे ठेवायचं खातं, उघडा. लिलावात नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोली लावता येते, त्यात पीएफ आणि ट्रस्ट बसतात, भाव सरासरीने मिळतो. पण एका लिलावात एका रोख्याला 2 कोटींचीच मर्यादा. बाकीचं दुय्यम बाजारात, तिथे प्रमाणित लॉट 5 कोटींचा. लॉटपेक्षा लहान रक्कम घेतली की भावात मार बसतो, म्हणून महिन्याचे पैसे साठवून पाचच्या पटीत घ्या. ट्रस्ट डीडमध्ये मुदतीची मर्यादा लिहिलेली नाही ना, ते आधी वाचा. जुन्या डीडमध्ये "10 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे नकोत" असं एक वाक्य कुठेतरी दडलेलं असतं.

रोकडीची काळजी असेल तर: 72 कोटींवर व्याज साधारण 5 कोटी, अंशदान 2.8, पेन्शन 5. रोखा विकायची वेळ येत नाही.

मोजायला फार पसारा नको. दर एका बेसिस पॉइंटने, म्हणजे टक्क्याच्या शंभराव्या भागाने, हलला तर देणं किती हलतं? 14 लाख. गुंतवणूक किती? आज 1.8 लाख. म्हणजे फक्त 13 टक्के झाकलेलं. 40 वर्षांचा प्रत्येक 5 कोटींचा लॉट 67 हजार भर घालतो. शेवटी 8.6 लाख, 62 टक्के झाकलं. दर तिमाहीला ही एक ओळ बैठकीच्या टिपणात टाका, परताव्याच्या ओळीच्या वर.

ऊसवाला_वाळवा
पण राव, दर एक टक्का वाढला तर? वरच्याच हिशेबाने देणं 87.4, यांची गुंतवणूक 88.2. तूटच संपली! मग आखूड ठेवून दर वाढायची वाट का बघू नये? आज लांबचे रोखे घेतले की ती संधी गेली.

हरिपूरची_स्मिता
हिशेब बरोबर आहे दादा. आखूड राहणं हीसुद्धा एक पैज आहे, आणि ती लागू शकते. प्रश्न एवढाच की ही पैज कुणी ठरवून घेतली आहे की मुदत ठेवीच्या सवयीने आपोआप लागली आहे. "दर वाढतील असं आमचं मत आहे, चुकलं तर 13-14 कोटी बँक भरेल" असा ठराव करायची विश्वस्तांची तयारी असेल, तर थांबा.

वाईकर_सीए
असा ठराव कोणी सही करणार नाही. म्हणून तो न लिहिता पाळला जातो.

काका_विश्रामबाग
ते बरिक खरं बोललात.

गणपतीपेठ_विश्वस्त
एक राहिलं. आमच्या निवृत्तांना पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो. निर्देशांकाप्रमाणे बदलतो. याने 14 च्या हिशेबात फरक पडतो का?

हरिपूरची_स्मिता
अरे, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! पडतो, आणि बराच. तक्त्यातले 14 हे "दर बदलला, महागाई तीच राहिली" असं धरून आलेत. प्रत्यक्षात दर उतरतात ते बऱ्याचदा महागाई उतरल्यामुळे. तसं झालं तर भत्त्याचा भागही उतरतो आणि देणं 15 ने न वाढता समजा 6-7 नेच वाढेल. दर उतरले पण महागाई नाही, तर पूर्ण 15. म्हणजे 15.6 च्या मागे लागून तुम्ही जास्तच लांब जाल, आणि महागाई चढली तर ठरलेल्या व्याजाचे रोखे तुम्हाला वाचवणार नाहीत. महागाईशी बांधलेले रोखे आपल्याकडे 2013 ला आले होते, पण बाजार काही रुजला नाही.

ॲक्च्युअरीला आणखी दोन ओळी मागा. दर आणि महागाई दोन्ही एक टक्का खाली, आणि महागाई एकटीच एक टक्का वर. त्या बघितल्याशिवाय 72 चा आकडा पक्का करू नका.

मिरज_जंक्शन
मी तरी अर्ध्यापर्यंत आत्ताच जाईन. ड्युरेशन 2 कुठल्याच हिशेबात बसत नाही. भत्ता धरून देण्याचं ड्युरेशन 7 निघालं तरी आपण आखूडच आहोत. 7 पर्यंत जाण्यात चूक व्हायची शक्यता कमी, त्यापुढचं तक्ता आल्यावर.

हरिपूरची_स्मिता
7 ला हरकत नाही. पण लांबच्या टोकाला सगळं नको. भत्ता असेल तर 10-15 वर्षांचे आणि 30-40 वर्षांचे मिसळून घ्या. आखूड आणि लांब मुदतीचे दर सारखे हलले नाहीत तर एकच टोक धरलेलं महागात पडतं.

मिरज_जंक्शन
मिसळायला माझी ना नाही, पण 10 वर्षांच्याचं ड्युरेशन 7.1. त्यातच जास्त घेतलं तर पुढे 12 वर जायची वेळ आली की पुन्हा विकून घ्यावं लागेल, दोनदा खर्च. मी थेट 30 चेच घेईन, कमी रकमेचे.

गणपतीपेठ_विश्वस्त
यावर तुमचं दोघांचं एकमत होताना दिसत नाही. सध्या ॲक्च्युअरींना मेल टाकतो, दोन जास्तीच्या ओळींसाठी. डीड काढून वाचली: मुदतीची मर्यादा 15 वर्षं आहे. म्हणजे दुरुस्तीचा ठराव आणि प्राप्तिकर खात्याची मंजुरी आधी. तोवर मोकळ्या होणाऱ्या ठेवींचं काय करावं, 14-15 वर्षांचे रोखे चालतील का?

मिरज_जंक्शन
चालतील. 15 वर्षांच्याचं ड्युरेशन नऊच्या आसपास येतं. एक वर्षाच्या ठेवीपेक्षा ते कधीही तुमच्या पेवाच्या जवळ.

ऊसवाला_वाळवा
आमच्या ट्रस्टचा तक्ता मागवलाय. आला की इथेच टाकतो, ताई जरा बघा.